सप्तमातला राहू, लग्नातला केतू: ओढ कुठून येते आणि लग्न कशावर टिकते

प्रश्न: काकू, माझा जन्म इंदूरचा, जुलै १९९६ च्या पहिल्या आठवड्यातला, गुरुवारी रात्री सव्वाबारा. मीन लग्न, लग्नात शनी-केतू, सप्तमात राहू. २०२३ च्या पावसाळ्यापासून एका गृहस्थांमध्ये मन गुंतलं आहे. ते माझ्यापेक्षा साडेनऊ वर्षांनी मोठे, घटस्फोटित, मल्याळी. त्यांचा चंद्र कन्येचा, हस्त नक्षत्र. गुण दहासुद्धा जुळत नाहीत, शिवाय एकनाड, म्हणून घरचे नको म्हणतात. दुसऱ्या एका ज्योतिषांनी सांगितलं की त्यांचा केतू बरोबर माझ्या राहूवर आहे, हा पूर्वजन्मीचा ऋणानुबंध आहे, लग्न केलंच पाहिजे, फक्त आधी त्र्यंबकला कालसर्प शांती करून या. त्यांच्यासाठी मी वडोदऱ्याची नोकरी नाकारली. ते मधूनच दोन-दोन आठवडे बोलत नाहीत. तरी सुटत नाही. काय करू?

उत्तर:

ही ओढ तुझ्या पत्रिकेत स्पष्ट दिसते, ती मनाचा खेळ म्हणून मी झटकून टाकणार नाही. पण ‘केलंच पाहिजे’ असं तुझी पत्रिका कुठेही म्हणत नाही, आणि ज्या गोष्टीवरून तुला तसं सांगितलं गेलं ती गोष्ट जोडीपेक्षा तुमच्या वयातल्या अंतराबद्दल जास्त सांगते. ते कसं, ते नीट उलगडते.

त्याआधी जन्मवेळ पक्की करू, कारण राहू सप्तमात आहे की नाही हे तिच्यावरच ठरतं. राहू एका राशीत सुमारे दीड वर्ष असतो. तो कन्येत होता यात शंका नाही, तुझ्या वर्गातल्या बहुतेकांचा तिथेच असेल. पण कन्या तुझं सातवं स्थान, म्हणजे जोडीदाराचं सप्तम, होते ती लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मीन असेल तरच. त्या रात्री इंदूरला सव्वाबाराला मीन लग्नाचे साधारण एकोणीस अंश उगवले होते. जेमतेम अर्ध्या तासाने, पाऊणच्या सुमारास, मेष लग्न सुरू झालं. म्हणजे वेळ अर्ध्या तासाने पुढे असती तर राहू सहाव्यात गेला असता आणि हा सगळा प्रश्नच वेगळा झाला असता. म्हणून आईच्या आठवणीवर थांबू नकोस, दवाखान्याची पर्ची शोध. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. आई ‘गुरुवारी रात्री’ म्हणते, पण इंग्रजी तारखेने तेव्हा शुक्रवार लागला होता. कुणी गुरुवारची तारीख आणि ००:१५ असं टाकलं तर पत्रिका पूर्ण एक दिवस मागे जाते. लग्न तेच राहतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही, पण चंद्र कुंभेतून मकरेत जातो आणि दशेचा सगळा हिशोब पालटतो. तू पाठवलेल्या पत्रिकेत चंद्र कुंभेत, शततारकेत आहे, म्हणजे तारीख बरोबर धरली आहे. जन्मस्थळ मात्र पुणे टाकलेलं दिसतं, बहुधा मावशीने तिकडे काढून घेतली म्हणून. पुण्या-इंदुराच्या रेखांशात दोन अंशांचा फरक, म्हणजे आठ मिनिटं. तुझं लग्न राशीच्या मधल्या-शेवटच्या भागात असल्याने इथे निभावलं.

कालसर्पाचं एका वाक्यात संपवते. तो योग म्हणायला सगळे ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला हवेत. तुझे रवी, बुध, शुक्र आणि मंगळ एका बाजूला, चंद्र, गुरू आणि शनी दुसऱ्या बाजूला. योगच नाही, तर शांती कशाची करायची?

आता ऋणानुबंधाच्या मुद्द्यावर येऊ. राहू आणि केतू हे ग्रहगोल नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते ते दोन बिंदू, नेहमी एकमेकांपासून बरोबर १८० अंशांवर आणि नेहमी उलटे सरकणारे. राशीचक्राची एक फेरी पुरी करायला त्यांना सुमारे १८.६ वर्षं लागतात. अर्धी फेरी म्हणजे नऊ वर्षं आणि साधारण चार महिने. याचा अर्थ असा की ज्या कुणा दोन माणसांच्या वयात नऊ-साडेनऊ वर्षांचं अंतर आहे, त्यांचा राहू एकमेकांच्या केतूवर येणारच. ते नवरा-बायको असोत, काका-पुतण्या असोत, नाहीतर राजवाड्यासमोरचा फुलवाला आणि त्याचं गिऱ्हाईक. त्यांचा जन्म जानेवारी १९८७ चा, तेव्हा राहू मीनेत आणि केतू कन्येत साधारण २१ अंशांवर. तुझा राहू कन्येत १९ अंशांवर. जुळतं ते इतक्याचसाठी. तसंच एकाच वर्षी जन्मलेल्या जोडप्यांना ‘तुमचा राहू एकाच राशीत, तुम्ही एकाच कर्माचे प्रवासी’ असं सांगतात. एका वर्गातली चाळीस मुलं मग एकाच कर्माची म्हणायची का?

राहू-राहू आणि राहू-केतू हे जुळणं म्हणून मी पत्रिका जुळवताना बाजूला ठेवते. बघायचं ते हे की एकाचा राहू किंवा केतू दुसऱ्याच्या चंद्रावर, शुक्रावर, लग्नबिंदूवर किंवा सप्तमाच्या मालकावर, म्हणजे सप्तमेशावर, चार-पाच अंशांच्या आत येतो का. हे ग्रह भराभर चालतात, लग्न तर दिवसभरात बारा राशी फिरतं, त्यामुळे तिथलं जुळणं खरोखर त्या दोन माणसांचं असतं. आणि तुमच्या बाबतीत ते आहे. त्यांचा चंद्र हस्तात, तुझा राहूही हस्तात, तिसऱ्या चरणात. त्यांचा राहू मीनेत २१ अंशांवर, म्हणजे तुझ्या लग्नबिंदूपासून दोनच अंशांवर. तुला जी ओढ जाणवते तिचं नाव घ्यायचं तर इथे घ्यावं लागतं.

गेल्या जन्माचा भाग इथे कुठे येतो, हे तू विचारशीलच. जुने होराग्रंथ राहू-केतूंना छायाग्रह म्हणतात आणि ते ज्या स्थानात बसतील, ज्या स्थानाच्या स्वामीबरोबर असतील, त्याची फळं देतात असं सांगतात. लघुपाराशरीचा हा नियम मी रोज वापरते. केतू म्हणजे मागच्या जन्मी भोगून झालेलं आणि राहू म्हणजे राहून गेलेली इच्छा, ही मांडणी बरीच अलीकडची, मुख्यतः गेल्या शतकात रुजलेली. ती मला मनाचा कल समजून घ्यायला उपयोगी वाटते, कर्मावर माझी श्रद्धाही आहे. पण अमुक माणसाशी अमुक देणं आहे आणि ते लग्नानेच फिटेल, इतकं बारीक वाचन पत्रिकेतून होत नाही. देणं असेलच तर ते मदतीने फिटतं, क्षमेने फिटतं, कधी दूर होऊनही फिटतं. जो ज्योतिषी फेडीची रीतसुद्धा छातीठोक सांगतो, त्याला ती कुठल्या स्थानावरून, कुठल्या ग्रहावरून काढली हे नम्रपणे विचारावं.

तुझ्या पत्रिकेतला खरा महत्त्वाचा भाग लग्न-सप्तम हा अक्ष आहे. केतू लग्नात, तोही लग्नबिंदूवरच. अशा माणसाला स्वतःला काय हवं हे पटकन कळत नाही. कपडे कुठले, जेवायला काय, नोकरी कुठली, यावर ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न आधी ओठांवर येतो. समोर सप्तमात राहू. त्यामुळे दुसऱ्याचं आयुष्य भरलेलं, रंगीत, ठाम वाटतं आणि आपण त्यात शिरलो की आपलंही भरेल असं वाटत राहतं. या अक्षाची माणसं प्रेमात पडतात तेव्हा अर्धं प्रेम त्या व्यक्तीवर असतं आणि अर्धं त्या व्यक्तीबरोबर असताना आपण जे होतो त्याच्यावर. वडोदऱ्याची नोकरी तू त्यांच्या सांगण्यावरून नाकारलीस की त्यांनी काही म्हणायच्या आधीच? तू लिहिलेलं नाहीस, पण या अक्षात बहुतेक वेळा दुसरंच घडतं. समोरच्याने मागितलेलंही नसतं, आपणच देऊन बसतो आणि मग त्याने ते ओळखावं म्हणून वाट बघतो.

सप्तमातला राहू जोडीदार आपल्या परिघाबाहेरचा दाखवतो. दुसरी भाषा, दुसरी जात, परगाव, वयात मोठं अंतर, आधी एक लग्न झालेलं. तुझ्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळंच आहे. पण वयाचं अंतर एकट्या राहूचं नाही. लग्नातल्या शनीची सातवी दृष्टी सप्तमावर आहे आणि शनी वयाने मोठा, जबाबदाऱ्या असलेला, उशिरा येणारा जोडीदार देतो. परजातीचा किंवा घटस्फोटित जोडीदार हा दोष आहे असं मी मानत नाही, तुझ्या घरच्यांनीही तसं मानू नये. राहूचा खरा दोष वेगळा आहे. राहू धूर करतो. त्या धुरात माणूस दिसतो तो मोठा दिसतो आणि त्याच्याबद्दलची साधी माहिती दिसत नाही. याच्याकडे मी पुढे पुन्हा येते, कारण उपाय तिथेच आहे.

राहू एकटा काही देत नाही, तो ज्या राशीत बसतो तिच्या मालकाच्या हातून देतो. म्हणून राहू बघून झाला की लगेच त्याचा राशिस्वामी बघायचा. लोक सप्तमात राहू बघून घाबरतात नाहीतर हरखतात आणि तिथेच थांबतात, निम्मं भाकीत तिथेच चुकतं. तुझा राहू कन्येत, मालक बुध. नवमांशातही तो मिथुनेत, पुन्हा बुधच. बुधच तुझा सप्तमेश. म्हणजे लग्नाचा सगळा भार बुधावर आला. तो बुध आहे चौथ्या स्थानात, स्वतःच्या मिथुन राशीत, आणि दहाव्यातून स्वराशीचा गुरू, तुझा लग्नेश, त्याच्याकडे थेट बघतो. हा फार चांगला दुवा आहे. चौथं स्थान घराचं, बुध बोलण्याचा आणि हिशोबाचा. तुझं लग्न ज्याच्याशी होईल त्याच्याशी रोजचं बोलणं सुरळीत असेल आणि घर कसं चालवायचं याचा हिशोब मोकळेपणाने होत असेल, तर हाच राहू शांत बसतो. अशा पत्रिकांमध्ये परप्रांतीय नवरा किंवा बायको येऊन संसार उत्तम झालेले मी पाहिले आहेत. एक कच्चा भाग आहे: बुध रवीपासून आठ अंशांवर, म्हणजे अस्तंगत. स्वराशीत असल्याने तो पडत नाही, पण झाकला जातो. मनातलं वेळेवर न बोलणं, आणि समोरच्याच्या तेजाने आपला विचार दबू देणं, हे त्याचं फळ. तुझ्या पत्रात दोन आठवड्यांच्या अबोल्याची तक्रार आहे, पण त्याबद्दल त्यांना तू काय विचारलंस, याचा एक शब्दही नाही.

आता त्यांच्याकडे बघू. त्यांचा चंद्र त्यांच्याच केतूबरोबर कन्येत आहे. चंद्र-केतू एकत्र असलेल्या माणसाला जवळीक हवी असते, पण ती वाढली की श्वास कोंडल्यासारखं होतं आणि तो आत ओढला जातो. त्यात कपट असतंच असं नाही. तो स्वतःही ‘मला जरा एकटं राहू द्या’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. आणि त्याच जागी तुझा राहू येऊन बसला आहे. राहू भूक आहे, ती चंद्राकडून मायेची मागणी करते. चंद्राच्या बाजूला केतू, तो मागणी आली की दार लावतो. दार लागलं की राहूची भूक दुप्पट होते. म्हणून ते बोलेनासे झाले की तुझी ओढ वाढते, आणि ते परत आले की तुला ते दैवाने परत पाठवल्यासारखे वाटतात. ज्याला तू ‘सुटत नाही’ म्हणतेस ती हीच गाठ. याला प्रेमाच्या खोलीचा पुरावा समजू नकोस. हे दोन पत्रिकांचं यंत्र आहे, ते समोर माणूस कसाही असला तरी असंच फिरलं असतं.

इथे एक सीमा सांगून ठेवते. अबोला स्वभावातून येतो तेव्हा माणूस परत आल्यावर निदान ओशाळतो, विचारलं तर उत्तर देतो, पुढच्या वेळी आधी सांगतो. अबोला शिक्षा म्हणून वापरला जात असेल, तू मैत्रिणींना भेटलीस किंवा नाही म्हणालीस की सुरू होत असेल, तर ते चंद्र-केतूच्या नावावर खपवायचं नाही. तसंच पैसे मागणं, फोन तपासणं, हात उगारणं. अशा वेळी पत्रिका मिटून ठेवायची आणि घरच्यांना सांगायचं.

गुणमेलनाचंही बघते, कारण घरच्यांचा आक्षेप पोकळ नाही. शततारका आणि हस्त दोन्ही आद्य नाडीची, म्हणून नाडीचे आठ गुण गेले. कुंभ आणि कन्या एकमेकींपासून सहाव्या-आठव्या, म्हणजे षडाष्टक, म्हणून राशिकूटाचे सात गेले. शततारकेची योनी अश्व, हस्ताची महिष, या दोघांचं वैर, म्हणून योनीचे चार गेले. गणही देव आणि राक्षस. दहाच्या आत गुण येणार हे उघड आहे, गुरुजींनी काही चुकीचं सांगितलेलं नाही. पण छत्तीस गुणांचं ते कोष्टक दोघांच्या चंद्रनक्षत्रांवर उभं आहे. त्यात राहू नाही, केतू नाही, सप्तमेश नाही, दशा नाही. म्हणून दहा गुणांच्या जोडीत विलक्षण ओढ असू शकते आणि तीस गुणांच्या जोडीत कोरडेपणा. दोन्ही मापं वेगळ्या गोष्टींची आहेत. नाडीदोषावर मी एकट्यावर स्थळ मोडत नाही. षडाष्टक मात्र तुमच्या बाबतीत बोलतं आहे असं मला वाटतं. एकाला जेव्हा सोबत हवी, तेव्हा दुसऱ्याला एकांत हवा, ही तक्रार षडाष्टकात फार ऐकू येते आणि चंद्र-केतू तिला दुजोरा देतात. घरच्यांशी बोलताना ‘गुण कोण मानतं’ असं म्हणू नकोस. त्यांना सांग की राशीस्वामी बुध आणि शनी यांचं वैर नाही, ग्रहमैत्रीचे गुण चांगले आहेत, आणि मला वेळ हवा आहे.

वेळ का, ते दशेवरून कळेल. तुझा जन्म राहूच्या महादशेत झाला, ती २००९ च्या उत्तरार्धात संपली. मग सोळा वर्षांची गुरूची. तिचा शेवटचा भाग राहूची अंतर्दशा, दोन वर्षं चार महिने चोवीस दिवसांचा. तुझ्या बाबतीत तो मे २०२३ च्या आसपास सुरू झाला आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात संपला. जन्मवेळेत दहा मिनिटांची चूक असली तर या तारखा दीड-दोन महिने पुढे-मागे होतात, म्हणून मी महिना ढोबळच सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात तुझं मन गुंतलं. सप्तमातला राहू आपल्याच अंतर्दशेत आपली फळं देतो, ती दिली. २०२५ च्या शरदापासून शनीची महादशा लागली. शनी लग्नात, सप्तमाकडे बघणारा, अकराव्याचा आणि बाराव्याचा मालक. तो धूर निवळवतो. तीन वर्षांत तुला हा प्रश्न लिहावासा वाटला नाही आणि आता वाटला, हे मला अगदी सुसंगत दिसतं.

पण धूर पूर्ण निवळलेला नाही, कारण गोचर राहू १८ मे २०२५ पासून कुंभेत, तुझ्या चंद्राच्या राशीत आहे. चंद्राच्या नेमक्या अंशावरून तो मे-जून २०२६ मध्ये जातो आणि डिसेंबर २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मकरेत उतरतो. राहू चंद्रावर असताना झोप उडते, मन एकाच विचारावर फिरतं, भीती आणि आशा दोन्ही प्रमाणाबाहेर मोठी होतात. या काळात ना लग्नाची तारीख काढावी, ना कायमचं तोडावं. दोन्ही निर्णय राहूचे ठरतात. शनीत शनीची अंतर्दशा तीन वर्षांची, २०२८ च्या शरदापर्यंत. त्यापुढे बुधाची, म्हणजे तुझ्या सप्तमेशाची. विवाहाला सगळ्यात अनुकूल काळ तो. त्याआधी लग्न होणारच नाही असं नव्हे, शनीची दृष्टी सप्तमावर असल्याने शनीही लग्न लावतो, पण तो कागद बघून, सावकाश लावतो. पत्रिकेला कुठलीही घाई नाही. घाई कुणाला असेल तर ती माणसाला आहे, आणि कुणाला ते तूच बघ.

मग या महिन्यांत करायचं काय? राहूवर उजेड हा उपाय, आणि उजेड म्हणजे माहिती. त्यांच्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम स्वतः हातात घेऊन वाच. ‘झालाय’ आणि ‘केस चालू आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हुकूम झाला असेल तर त्यावर अपील आहे का, अपिलाची मुदत उलटली आहे का, हे एखाद्या वकिलाकडून समजून घे. पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात लग्नच ठरत नाही. पोटगी आहे का, मूल आहे का, मुलाचा ताबा कुणाकडे, हेही विचार. त्यांच्या घरी जाऊन ये, आईला किंवा बहिणीला भेट. सप्तमातल्या राहूच्या ज्या पत्रिका विस्कटलेल्या मी पाहिल्या, त्यांत बहुतेक ठिकाणी भांडणाचं मूळ हेच होतं की लग्नाआधी एखादी साधी गोष्ट विचारायची राहून गेली. विचारल्यावर ते कागद दाखवतात की दुखावले जातात, यावरून तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

अबोल्याबद्दल एकदा स्पष्ट बोल, आणि ते जवळ असताना, भांडणात नाही. ‘तुम्हाला एकटं राहायचं असेल तर राहा, पण किती दिवस ते आधी सांगा’ एवढंच माग. चंद्र-केतूच्या माणसाला ही मागणी पेलते, कारण तिच्यात दार उघडं ठेवायची सक्ती नाही. हे ते पाळू लागले, सलग तीन-चार वेळा पाळलं, तर तुमच्या षडाष्टकावर माणसाने मात केली असं मी समजेन आणि तुझ्या घरच्यांशी स्वतः बोलेन. नाही पाळलं, तर राहू मकरेत गेल्यावर तुझीच ओढ किती उरते ते बघ. तोपर्यंत त्यांच्याकडून मिळालेलं प्रत्येक आश्वासन तारखेसकट वहीत लिहून ठेव. बुध अस्तंगत असलेल्या माणसाला स्वतःचं लिहिलेलं वाचल्यावरच पटतं.

आणि लग्नातल्या केतूसाठी: नोकरीचं पुन्हा बघ. वडोदऱ्याचीच मिळेल असं नाही, पण अर्ज कर, त्यांना विचारायच्या आधी कर. दहाव्यातला स्वराशीचा गुरू तुझ्या पत्रिकेतला सगळ्यात बळकट ग्रह आहे आणि तो कामाच्या जागी बसला आहे. शनीच्या महादशेत ज्याच्याकडे स्वतःचं काम असतं त्याला शनी त्रास कमी देतो. नोकरी लागली म्हणून जे नातं तुटेल ते सप्तमातल्या राहूने फार काळ टिकवलंही नसतं.

उपासना विचारलीस तर केतूला गणपती आणि राहूला दुर्गा, ही परंपरा आहे. खजरान्याचं गणपती मंदिर तुला जवळ आहे, बुधवारी जाऊन येत जा, घरी रोज अथर्वशीर्ष म्हण. त्याला दक्षिणा लागत नाही. राहूचा गोमेद मात्र घालू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. सप्तमातल्या राहूला रत्नाने बळ देणं म्हणजे आहे तीच भूक वाढवणं. त्र्यंबकच्या शांतीचे पैसे दिले नसतील तर देऊ नकोस. दिले असतील आणि परत मिळत असतील तर घे. दवाखान्याची पर्ची सापडली आणि वेळ सव्वाबारापेक्षा वेगळी निघाली, तर मला परत लिही, कारण साडेबाराच्या पुढे गेलो की लग्न मेषेच्या अगदी कडेला येतं आणि मग सप्तमापासून सगळं नव्याने मांडावं लागेल.